जपानी कस्टमरला ‘जमणार नाही’ कसं लिहायचं?

*ताई, मी भोसरीतल्या एका मशीनिंग कंपनीत दीड वर्षापासून जपानी कस्टमरचा पत्रव्यवहार बघते. जपानी भाषेच्या परीक्षेची एन-टू पातळी पास आहे, मेल जपानीतच लिहिते. मागच्या आठवड्यात त्यांच्या जपानमधल्या परचेसने ६,००० ब्रॅकेटचा लॉट ३० सप्टेंबरऐवजी १५ लाच मागितला. आमच्याकडे १ तारखेपासून रोज ३०० नग निघतील आणि नंतर प्लेटिंगला ३ दिवस लागतात. साहेब म्हणाले, ‘शक्यच नाही, सरळ कळवून टाक.’ मी अर्ध्या तासात उत्तर दिलं: ‘आमच्या साहेबांनी सांगितलं आहे की १५ तारखेला देता येणार नाही.’ त्यानंतर तिकडून शांतता. चौथ्या दिवशी त्यांच्या चाकणच्या ऑफिसमधल्या मराठी मॅनेजरांचा फोन आला, ‘अहो, असं लिहितात का?’ व्याकरण तर बरोबर होतं. आणि जुलैत आम्ही पाठवलेल्या नव्या दरांवर ‘विचार करतो’ असं आलंय, त्याची अजून वाट बघतोय. आता हे निस्तरायचं कसं?*
— एक वाचक, भोसरी

तुमच्या अभ्यासात काही कमी नाही. एन-टूच्या परीक्षेत वाचन, ऐकणं, शब्द, व्याकरण सगळं विचारतात, पण स्वतःचं एक वाक्यही लिहायला लागत नाही. सगळे पर्यायी प्रश्न. त्यामुळे पुण्यातून दर वर्षी एवढी मुलं पास होतात आणि नोकरीला लागल्यावर पहिल्या नकाराच्या मेलला अडखळतात. मीही अडखळले होते.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा, बाकीचं सगळं तिच्यातूनच निघतं. तुमचा मेल ज्याच्या नावावर जातो, तो निर्णय घेणारा माणूस नसतो. तो ‘तान्तोशा’, म्हणजे त्या कामाचा जबाबदार माणूस. १५ तारीख त्याने स्वतःच्या मनाने मागितलेली नाही, त्याच्या काचोने, म्हणजे सेक्शनप्रमुखाने, विचारायला सांगितली असणार. तुमचं उत्तर घेऊन त्याला काचोच्या टेबलापाशी जायचंय, आणि काचोला कदाचित बुचोकडे, विभागप्रमुखाकडे. तिथे त्याला विचारतील, ‘का नाही? मग किती देतात? कधी देतात? दुसरा मार्ग काय?’ तुमच्या एका ओळीत यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तो माणूस तुमच्यावर रागावून गप्प बसला असेल असं मला वाटत नाही. पुढे न्यायला त्याच्या हातात काही नव्हतं, म्हणून बसला असेल. फोनसुद्धा त्याने स्वतः केला नाही, चाकणच्या मॅनेजरांकडून करवला. यावरून तो अजून तुमची बाजू सांभाळायला बघतोय असं मी समजेन.

आता तुमचं वाक्य बघू. तुम्ही साहेबांचं आडनाव लावून, समजा पाटील असतील तर, ‘पातिरु-शाचो-सामा गा ओश्शाइमाशिता’, म्हणजे ‘अध्यक्ष पाटीलसाहेब म्हणाले’, असं काहीतरी लिहिलं असणार. मराठी माणसाच्या हातून हे हमखास होतं, कारण आपल्या जिभेला तेच वळण आहे. आपण परक्यासमोरसुद्धा ‘आमचे साहेब आलेत’, ‘साहेब म्हणाले’ असंच बोलतो. ‘आमचा पाटील म्हणाला’ असं कस्टमरसमोर कोण म्हणेल? कोरियन भाषाही याबाबतीत आपल्यासारखी आहे. तिथेही आपल्या साहेबांबद्दल बाहेरच्याशी बोलताना ‘निम’ हा आदराचा प्रत्यय सोडत नाहीत. जपानी मात्र उलटी चालते. तिथे आदर पदावरून ठरतोच, पण त्याआधी आतला की बाहेरचा हे बघितलं जातं. बाहेरच्यासमोर तुमचे मालकसुद्धा ‘आतले’, त्यामुळे त्यांच्या नावामागचा आदराचा ‘सामा’ गळतो, ‘सान’ गळतो आणि क्रियापदही खाली उतरतं. आदराच्या ‘ओश्शाइमाशिता’च्या जागी नम्रतेचं ‘मोशिते ओरिमासु’ येतं. पद सांगायचं झालं तर नावाच्या आधी: ‘हेइशा शाचो नो पातिरु’, म्हणजे आमच्या कंपनीचे अध्यक्ष पाटील, नुसतं पाटील. पहिल्यांदा असं लिहिताना हात थरथरतो, मालकांचा अपमान केल्यासारखं वाटतं. मेल पाठवण्याआधी साहेबांना हे एकदा समजावून सांगा, म्हणजे उद्या कुणी त्यांना भाषांतर करून दाखवलं तरी गैरसमज व्हायला नको.

२००७ साली जपानच्या सांस्कृतिक परिषदेने आदरार्थी भाषेची जी मार्गदर्शिका काढली, तिने शाळेतल्या तीन प्रकारांचे पाच प्रकार केले. ते पाचही पाठ करत बसू नका. ‘ही क्रिया कुणाची, त्यांची की आमची?’ एवढं प्रत्येक क्रियापदापाशी थांबून विचारलंत, तरी बहुतेक चुका तिथेच सापडतील.

पण खरं सांगायचं तर ‘सामा’ची चूक ते परदेशी माणसाला माफ करतात. तुमच्या मेलमध्ये त्याहून जड गोष्ट वेगळीच आहे. नकार तुम्ही साहेबांच्या तोंडी घातलात. वाचणाऱ्याला त्याचा अर्थ असा लागतो की तुमच्या साहेबांनी सांगितलं की विषय संपला, कस्टमरने काय मागितलं याला किंमत नाही. शिवाय अर्ध्या तासात. अर्ध्या तासात आलेला नकार म्हणजे कुणी काही तपासलंच नाही, असंच तिकडे समजतात. आपल्याला वाटतं, ताबडतोब उत्तर देणं ही तत्परता. होकारासाठी ती आहेच. नकाराचे मात्र दोन मेल करायचे. पहिला त्याच दिवशी: विचारणा मिळाली, आत तपासून उद्यापर्यंत कळवतो. दुसरा दुसऱ्या दिवशी. यात एक खड्डा आहे. पहिल्या मेलमध्ये ‘शोची इताशिमाशिता’ लिहू नका. आपण ते ‘बरं, मिळालं’ या अर्थाने लिहायला जातो, पण मागणीच्या उत्तरात ते आलं की ‘मान्य’ असं वाचलं जातं. ‘कळवल्याबद्दल आभारी आहोत, तपासून उद्या कळवतो’ एवढंच लिहा.

आता निस्तरण्याकडे. मेल लिहायच्या आधी दोन फोन करा. पहिला चाकणच्या मॅनेजरांना. ‘सर, माझ्या लिहिण्यात चूक झाली, मी आजच नीट मेल पाठवते आहे. आधी तुमच्या कानावर घालते’ असं सांगा आणि आकडे तोंडी द्या. त्यांनी फोन केला म्हणजे तिकडून त्यांच्यावरही आलेलं आहे. त्यांना अंधारात ठेवून सरळ जपानला मेल गेला तर ते अडचणीत येतील. दुसरा फोन जपानला, त्या तान्तोशाला. पुण्यात सकाळी दहा वाजता तिकडे दीड वाजलेला असतो, म्हणजे जेवणाची सुट्टी होऊन माणूस जागेवर आलेला असतो. फोनवर नकार पूर्ण उच्चारायची गरज नसते. ‘१५ तारखेच्या बाबतीत, सगळाच लॉट म्हणजे जरा...’ म्हणून थांबलात की तो समजतो. हे थांबणं मेलमध्ये करता येत नाही, म्हणून फोन आधी. शिवाय मेल यायच्या आधी त्याला अर्धा दिवस मिळतो. तेवढ्यात तो काचोच्या कानावर हळूच घालून ठेवतो. याला ते ‘नेमावाशी’ म्हणतात, झाड हलवण्याआधी मुळांभोवतीची माती मोकळी करून ठेवतात तशी तयारी. काचोला सीसीत ठेवून नकार थेट त्यांच्यापुढे आदळला, तर तान्तोशाला स्वतःच्या साहेबांसमोर आयत्या वेळी उत्तर द्यावं लागतं. ते तो विसरत नाही.

फोनआधी आकडे मांडून घ्या. १ ते १२ सप्टेंबर, त्यातल्या दोन गुरुवारच्या सुट्ट्या वजा जाता दहा दिवस, रोज ३०० म्हणजे ३,००० नग. प्लेटिंगचे तीन दिवस धरून ते १५ ला देता येतात. अर्धा लॉट! तुमच्या साहेबांनी ‘शक्यच नाही’ म्हटलं ते सहा हजारांबद्दल. तीन हजारांबद्दल कुणी हिशेबच केला नव्हता. उरलेले तीन हजार १३ तारखेपासून आणखी दहा कामाच्या दिवसांत होतात, मध्ये दोन गुरुवार आणि गणपतीच्या दोन सुट्ट्या धरल्या तर २६ पर्यंत, प्लेटिंग होऊन २९ ला तयार. म्हणजे ३० ची मूळ तारीखही टिकते, पण फक्त एक दिवस हाताशी ठेवून. हे साहेबांकडून आणि प्लेटिंगवाल्यांकडून पक्कं करून घ्या. तुमच्या सुट्ट्या माझ्या हिशेबासारख्याच पडतात का ते कॅलेंडरवर मोजा. जपानी कस्टमरला नकार एक वेळ चालतो, दिलेली तारीख हुकलेली चालत नाही. शंका असेल तर १५ साठी २,७०० च सांगा आणि उरलेले ३,३०० तीसपर्यंत बसतात का ते पुन्हा मोजा.

मग मेल. मी तो इथे मराठीत मांडते, म्हणजे एकामागून एक काय येतं ते दिसेल. जपानी तुम्हाला माझ्याइतकंच येतं.

विषयात ‘नकार’ किंवा ‘अशक्य’ नको. चौकटी कंसात ‘गो-सोदान’, म्हणजे सल्लामसलत, आणि पुढे भागाचं नाव व डिलिव्हरीची तारीख. मग कंपनीचं नाव, विभाग, आणि माणसाचं नाव ‘सामा’ लावून. काचोला उद्देशून असेल तर ‘काचो’ पद आधी आणि नावाला ‘सामा’. ‘काचो-सामा’ असं जोडू नका, पदातच आदर असतो, तो दुप्पट होतो. दोघांना उद्देशून असेल तर मोठ्या पदाचं नाव आधी. मग ‘ओसेवा नि नात्ते ओरिमासु’ हे नेहमीचं सुरुवातीचं वाक्य आणि स्वतःचं नाव. त्यानंतर:

‘आधीच्या मेलमध्ये पुरेशी माहिती न देता उत्तर पाठवलं, याबद्दल मनापासून क्षमा मागते. १५ सप्टेंबरच्या आपल्या विचारणेवर आम्ही आमच्या कंपनीत पुन्हा तपासणी केली. आपण खास विचारणा केलीत तरी, आमच्या सध्याच्या क्षमतेत ६,००० नग १५ तारखेला पूर्ण करणं कठीण अवस्थेत आहे. मात्र ३,००० नग १५ ला आणि उरलेले ३,००० मूळ ठरल्याप्रमाणे ३० ला, असे दोन भागांत देऊ शकतो. यंत्रकाम रोज ३०० नग, पृष्ठप्रक्रिया ३ दिवस, यावरून हे आकडे काढले आहेत. आपली अडचण होत असताना हे लिहावं लागतंय याचं वाईट वाटतं. या पद्धतीचा विचार व्हावा अशी विनंती.’

यातलं ‘कंपनीत तपासणी केली’, म्हणजे ‘शानाइ दे केन्तो इताशिमाशिता तोकोरो’, हे तुमच्या साहेबांची जागा घेतं. ठरवलं कोणी हे वाक्यात येतच नाही, पण कुणीतरी बसून बघितलं हे येतं. ‘देकिमासेन’, म्हणजे ‘जमणार नाही’, कुठेच नाही, त्याच्या जागी ‘मुझुकाशी ज्योक्यो’, म्हणजे ‘कठीण अवस्था’, आहे. त्याहून पक्कं हवं असेल तर ‘इताशिकानेमासु’ वापरा, तेही नकारच आहे, पण त्यात नकाराचा ‘मासेन’ दिसत नाही. ‘आपण खास विचारणा केलीत तरी’ याला ‘सेक्काकु’ने सुरू होणारं वाक्य आहे. ते आलं की वाचणारा सावरून बसतो, पुढे नकार येणार हे त्याला कळतं. आणि नकारानंतर लगेच, त्याच परिच्छेदात, पर्याय. अशा ठिकाणी पर्यायाशिवायचा नकार तान्तोशाला वर नेता येत नाही. पर्याय असला की तो काचोला ‘नाही म्हणतात’ असं न सांगता ‘अर्धा माल वेळेत देतायत’ असं सांगू शकतो.

कारण एका ओळीचंच ठेवा. लांबलं की ते त्यांच्या लेखी ‘इइवाके’ होतं, सबब सांगणं. आणि ‘प्लेटिंगवाले लवकर देत नाहीत’ असं कदापि लिहू नका. तुमचा प्लेटिंगवाला कस्टमरच्या दृष्टीने ‘आतला’ आहे. त्याच्यावर ढकललंत म्हणजे स्वतःच्या घरातल्या माणसावर ढकललंत. म्हणून मी ‘पृष्ठप्रक्रिया ३ दिवस’ एवढंच लिहिलं. तसंच मशीनवर दुसऱ्या कस्टमरचं काम लागलेलं असेल तर तेही लिहू नका. ‘तिसरी पाळी का नाही’ असं काचो विचारणारच. रात्री मोजमाप तपासणारा माणूस नाही, हे खरं असेल तर सांगा. तपासणीशिवाय माल नको, हे त्यांना पटतं. खरं नसेल तर काही लिहू नका. विचारलं तर फोनवर बोला.

आता तुमचे जुलैचे दर. माझ्या पहिल्या नोकरीतली गोष्ट सांगते. पत्र्याचे भाग बनवणारी कंपनी, मी दुभाषी. कस्टमर ‘मुझुकाशी देसु ने’ म्हणाला, मी भाषांतर केलं, ‘अवघड आहे म्हणतायत.’ आमचे मालक वर्कशॉपमध्ये वाढलेले. त्यांच्या कानाला ‘अवघड आहे’ म्हणजे कामाला लागा. ‘अवघड आहे ना, अशक्य नाही ना?’ म्हणून त्यांनी तिथल्या तिथे भाव दोन टक्के उतरवला. कस्टमर पुन्हा तेच म्हणाला, मालकांनी पुन्हा उतरवला. समोरचा माणूस अवघडून गेला, कारण त्याने नाही म्हणून झालं होतं आणि आता प्रत्येक वेळी त्याला तेच परत म्हणावं लागत होतं. शब्द मी बरोबर सांगितला होता. ‘नाही म्हणतायत’ असं सांगायला मला धीर झाला नाही.

‘विचार करतो’, म्हणजे ‘केन्तो शिमासु’, हे मात्र ‘मुझुकाशी’सारखं एकाच बाजूचं नाही. कधी तो नकार असतो, कधी खरंच कागद आत फिरत असतो, आणि मोठ्या जपानी कंपनीत तो फिरायला आठवडेच्या आठवडे लागतात. आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत ‘कळवतो’ म्हणतात, तसंच. तिथे आपण काय बघतो? त्यांनी पत्रिका मागितली का, मुलीच्या नोकरीचं विचारलं का. इथेही तेच बघा. त्या उत्तरानंतर त्यांनी काही विचारलं का? कच्च्या मालाच्या दराचा तपशील, वर्षाची संख्या, नमुना? मेलवर नवीन कुणाचं नाव चढलं का? ‘अमुक तारखेच्या मीटिंगनंतर’ असं काही आलं का? यातलं एकही नसेल आणि आता ऑगस्ट संपत आला असेल, तर मी तो नकार धरून चालेन. निदान त्या दरांच्या भरवशावर माल तरी मागवणार नाही.

तरीही एकदा विचारा. ‘निर्णय झाला का’ असं नको, त्याला होय किंवा नाही यातलं एक म्हणावं लागतं. त्याला उत्तर द्यायला कारण द्या आणि बाहेर पडायला वाट द्या: ‘ऑक्टोबरच्या कच्च्या मालाची ऑर्डर १० सप्टेंबरपर्यंत द्यायची आहे, त्यासाठी सध्याची स्थिती कळली तर बरं होईल. यावेळी शक्य नसल्यास पुढच्या वर्षाच्या दरांच्या वेळी पुन्हा मांडू.’ ‘कोंकाइ वा मिओकुरासेते...’, म्हणजे ‘यावेळी राहू द्यावं म्हणतो...’, असं काही उत्तरात आलं की तो नकार. तेव्हा आभार मानून थांबा, कारण विचारू नका. मात्र हा मेल ब्रॅकेटचं प्रकरण मिटल्यावर पाठवा. क्षमा मागितली त्याच आठवड्यात दर विचारलेत तर क्षमेचा अर्थ बदलतो.

आणखी एक, आडवळण कुठे वापरायचं नाही तेही लक्षात ठेवा. २० सप्टेंबरला फिक्श्चर बिघडलं, नग नाकारले गेले, प्लेटिंग सोललं, तर तिथे ‘सेक्काकु’ नाही, ‘कठीण अवस्था’ नाही. त्याच तासाला फोन, त्याच दिवशी मेल: काय झालं, किती नग, कुठले लॉट, आत्ता काय थांबवलंय, पुढची माहिती किती वाजता देऊ. आदराचे शब्द फक्त सुरुवातीला आणि शेवटाला. मधली वाक्यं कोरडी, आकड्यांची.

फोन उद्या सकाळी करा. चाकणला साडेनऊला, जपानला दहाला, आणि मेल दुपारी दोनच्या आत जाऊ द्या, तिकडे साडेपाच झालेले असतील आणि तान्तोशाला निघायच्या आधी तो काचोंना दाखवता येईल.